धारूरचा घाट आणि इंजिनाची लाल रेषा

इंजिनाच्या वेगाला लगाम घालण्याचा इतिहास वाफेच्या काळापर्यंत मागे जातो. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे. मराठवाड्यात धावलेल्या जुन्या डिझेल जीपांच्या पंपात हेच तत्त्व वजनांच्या रूपाने नांदत होते.

आजच्या गाडीत त्या वजनांची जागा ईसीयूने घेतली आहे. क्रँकशाफ्टवरील दातेरी चाकाचे दात सेन्सरसमोरून किती वेळाने सरकतात, यावरून तो फेरे मोजतो. मर्यादा येताच डिझेल तोडतो. फेरे उतरले की पुन्हा सोडतो. लाल रेषेपलीकडे व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळू शकतो.

पण किल्ले धारूरहून तेलगावकडे उतरताना हा पहारेकरी हतबल ठरू शकतो. समजा, गाडी चौथ्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांवर आहे आणि चालकाने घाईत दुसरा टाकला. दुसऱ्याचे गुणोत्तर दुप्पट असेल, तर क्लच सुटताच फेरे ६,००० होतील. डिझेल इंजिनाची लाल रेषा मात्र बहुधा ४,५०० च्या आसपास असते. ईसीयू इंधन तोडेलच, पण आता इंजिनाला इंधन नव्हे, चाके फिरवत असतात. वॅटचा गव्हर्नरही इथे निरुपायच झाला असता. म्हणून उतारावर आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग एकेक गिअर खाली.