चिलखताच्या आतला कापूस

शाळेच्या इतिहास प्रकल्पात हल्ली विद्यार्थ्याच्या फोटोवर मध्ययुगीन पोशाख चढवतात. हौस चांगली आहे, पण बहुतेक फोटोंत मुलाच्या चेहऱ्याखाली युरोपातल्या सरदाराचे चकचकीत पोलादी धड असते आणि मथळा असतो ‘प्रतापगडचा मावळा’. आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या मुलीने असाच फोटो दाखवला, तेव्हा मी तिला विचारले, “बेटा, याच्या आत काय घातलंय?”

सगळी मेख त्या ‘आत’ मध्ये आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असे परंपरा सांगते. म्हणजे त्या दिवसाचे खरे चित्र काढले, तर चिलखत दिसणारच नाही!

कड्यांचे चिलखत म्हणजे लोखंडी विणकाम. नेहमीच्या विणीत एक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकते. तलवारीची धार त्यावर अडते, पण घावाचा दणका अडत नाही. कातडी शाबूत राहून हाड मोडू शकते. म्हणून आत कापूस भरलेला जाड अंगरखा घालत. काही योद्धे कड्यांवर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना एकेक पोलादी पत्रा बांधत. त्याला चार-आईना म्हणत. अकबराचे छातीचे कवच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येते.

मग आम्ही फोटो नव्याने केला. आधी तिला जाड स्वेटर घालून उभे केले. त्यामुळे खांदे आपोआप रुंदावले. संगणकावर त्यावर कड्यांचा थर, त्यावर पत्रे आणि शेवटी टोप असा क्रम लावला. कड्यांचे चित्र सपाट चिकटवले, तर ते छापील कापडासारखे दिसते. म्हणून कोपराशी त्याला वळण दिले आणि कमरपट्ट्यावर थोडा फुगवटा ठेवला, कारण पट्टा आवळला की बरेच वजन खांद्यांवरून कमरेवर येते. फोटोत उजेड डावीकडून होता, म्हणून पत्र्याची चमकही डावीकडे घेतली आणि टोपाची सावली कपाळावर पाडली. एवढे केल्यावर मान धडावर बसली.

नंतर तिने विचारले, “काका, आता खानाच्या शिपायाचा पोशाख वेगळा करायचा ना?” मी म्हटले, रंग बदल, निशाण बदल, पण कड्या त्याच ठेव. दख्खनमध्ये मराठे सरदार आदिलशाहीतही चाकरी करत होते. शस्त्रे आणि चिलखते इकडची तिकडे जात. ‘जिरेटोप’ मधला ‘जिरे’ म्हणजे फारसीतला ‘जिरह’, कड्यांचे चिलखत. घाव दोन्हीकडच्या अंगांवर सारखाच बसे, आणि तो सोसायला आत कापूसही सारखाच लागे.

फोटोखाली तिने ओळ लिहिली : ‘हे कल्पनाचित्र आहे, कवचांचा क्रम खरा आहे.’