पिनकोडानुसार टपालाची वर्गवारी

पत्त्यातील सहा अंकी क्रमांक डावीकडून क्रमाने वाचून पत्रांचे उत्तरोत्तर लहान गट पाडण्याची पद्धती. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेला हा क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतात अमलात आला. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटपाची कचेरी दर्शवितात. त्यामुळे दूरच्या कचेरीस आरंभीचे अंक पाहून पत्र योग्य थैलीत टाकणे पुरेसे होते व उरलेले काम पुढील कचेरीवर सोपविता येते. बीडचे ४३११२२, परळीचे ४३१५१५ आणि अंबाजोगाईचे ४३१५१७ ही पत्रे ४३१ पर्यंत एकत्र राहतात. चौथ्या अंकास बीड वेगळे होते, तर परळी व अंबाजोगाई केवळ अखेरच्या अंकास विलग होतात. मात्र एकदा पाडलेले गट पुन्हा मिसळल्यास आधीचे श्रम वाया जातात. शिवाय टपालाची हद्द महसुली हद्दीशी जुळतेच असे नाही : आष्टी तालुका बीड जिल्ह्यात असूनही आष्टीचा क्रमांक ४१४२०३ असल्याने तेथील पत्र दुसऱ्याच अंकास अहिल्यानगरच्या ४१४ गटाकडे वळते, आणि केवळ जिल्ह्याचे नाव वाचून ४३१ च्या खणात टाकलेले पत्र पुढील टप्प्यावर परके म्हणून उघडकीस येते.