स्वीकृतीपत्राची पूर्तता-यादी (रेल्वे बांधकाम निविदा)

निविदा मंजूर झाल्याचे कळवणाऱ्या पत्रातून ठेकेदाराने करायच्या गोष्टी, त्यांच्या रकमा आणि मुदती वेगळ्या काढून केलेली तारीखवार यादी. व्यवहारात या पत्राला ‘एलओए’ म्हणतात. पत्र बहुधा दोन-चार पानांचे असते आणि बराचसा तपशील निविदेतील अटींकडे बोट दाखवून सोडून दिलेला असतो. त्यामुळे यादी नुसत्या पत्रावरून होत नाही. पत्र, निविदेच्या विशेष अटी आणि रेल्वेच्या सर्वसाधारण करार अटी (जीसीसी) शेजारी ठेवूनच ती करावी लागते. ही नोंद मुख्यतः 2022 च्या जीसीसीवर आधारलेली आहे. पत्रात किंवा विशेष अटींत वेगळे काही असेल, तर त्या कामापुरते तेच पाहावे.

कायदेशीर पाया. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 4 नुसार स्वीकृती पाठवणाऱ्याच्या हातून सुटली की प्रस्ताव देणारा बांधला जातो. पाठवणारा मात्र ती प्रस्ताव देणाऱ्याला कळल्यावर बांधला जातो. निविदेत प्रस्ताव ठेकेदाराचा असतो, म्हणजे पत्र उघडून वाचण्याआधीच त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. कलम 7 नुसार स्वीकृती बिनशर्त असावी लागते. पत्रात निविदेत नसलेली अट आढळली, तर ती यादीत निमूट न घालता लगेच लेखी हरकत नोंदवावी. अशा अटीसह आलेले पत्र स्वीकृती ठरते की नवा प्रस्ताव, हे प्रत्येक प्रकरणातील मजकुरावर अवलंबून राहते.

मुदतींचे आरंभबिंदू. यादीतील चुकांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे सगळ्या मुदती एकाच दिवसापासून मोजणे. रेल्वेच्या कामात चार वेगवेगळे आरंभबिंदू असतात. कामगिरी हमीचे दिवस पत्र जारी झाल्याच्या तारखेपासून मोजतात. कामाचा तपशीलवार कार्यक्रम पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायचा असतो. कामाची मूळ मुदत दोन वर्षांहून जास्त असेल, तर त्याला 90 दिवस मिळतात. करारावर सही करण्यासाठीचे सात दिवस ‘कागदपत्रे तयार आहेत’ ही सूचना आल्यापासून धरतात. काम सुरू करण्याचे 15 दिवस अभियंत्याचा लेखी आदेश हाती पडल्यापासून सुरू होतात. म्हणून यादीत ‘काय करायचे’ आणि ‘कधीपर्यंत’ या रकान्यांच्या मध्ये ‘कशापासून’ हा तिसरा रकाना हवाच. सूचना किंवा आदेश अजून आला नसेल, तर तारखेचा रकाना अंदाजाने न भरता मोकळा ठेवावा.

कामगिरी हमी आणि सुरक्षा ठेव. या दोन वेगळ्या रकमा आहेत आणि यादीतही त्या वेगळ्याच लिहाव्यात. कामगिरी हमी (पीजी) कराराच्या रकमेच्या 5 टक्के असते आणि ती ठेकेदाराने आधी आणून द्यायची असते. सुरक्षा ठेवही 5 टक्केच असते, पण तिच्यात बयाणा वळता होतो आणि उरलेली रक्कम चालू बिलांतून 6 टक्के दराने कापली जाते. दोन्हींचा टक्का सारखाच असल्यामुळे नवखे ठेकेदार एकच रक्कम धरतात, आणि पहिल्या बिलात कपात दिसली की गोंधळतात. नोव्हेंबर 2020 नंतर कोविडकाळातील सवलत म्हणून कामगिरी हमी काही काळ 3 टक्क्यांवर आणली होती. म्हणून जुन्या पत्राची यादी नमुना म्हणून वापरू नये.

उदाहरणासाठी एक काल्पनिक काम घेऊ. निविदेतील अंदाजित रक्कम 4 कोटी 50 लाख, मंजूर रक्कम 4 कोटी 20 लाख, मुदत पत्र जारी झाल्यापासून 12 महिने आणि पत्राची तारीख 4 ऑगस्ट 2025. बयाणा पहिल्या एक कोटीवर 2 लाख आणि वरच्या साडेतीन कोटींवर अर्धा टक्का, म्हणजे 1 लाख 75 हजार, असा एकूण 3 लाख 75 हजार भरलेला आहे. कामगिरी हमी 21 लाखांची होते. सुरक्षा ठेवही 21 लाख, पण बयाणा वजा जाता 17 लाख 25 हजार बिलांतून जायचे आहेत. 6 टक्के दराने ही कपात बिले 2 कोटी 87 लाख 50 हजारांवर पोचेपर्यंत चालू राहील. खेळत्या भांडवलाचा हिशेब करताना हाच आकडा धरावा.

हमी देण्याचा 21 वा दिवस 25 ऑगस्टला येतो. सक्षम अधिकारी ही मुदत 60 दिवसांपर्यंत, म्हणजे 3 ऑक्टोबरपर्यंत, वाढवू शकतो. मात्र 22 व्या दिवसापासून सालीना 12 टक्के दंडव्याज लागते. हमी 15 सप्टेंबरला दिली, तर तो दिवस धरून 21 दिवसांचे सुमारे 14,500 रुपये होतात. रक्कम सोसण्याजोगी वाटते, पण मुदतवाढ हा हक्क नव्हे. 60 दिवस उलटूनही हमी न दिल्यास करार संपुष्टात आणला जाऊ शकतो, तसे झाल्यास बयाणा जप्त होऊ शकतो आणि त्याच कामाच्या फेरनिविदेत भाग घेता येत नाही. 60 वा दिवस त्या रेल्वे कार्यालयाच्या जाहीर सुटीचा असेल, तर पुढचा कामाचा दिवस चालतो. बँकेच्या सुटीबद्दल अशी सोय नाही. या उदाहरणात 2 ऑक्टोबरची सुटी 60 व्या दिवसाच्या अगदी आदल्या दिवशी येते, म्हणून बँकेचे काम सप्टेंबरातच उरकलेले बरे.

बँक हमी बहुधा रकमेमुळे परत येत नाही. परत येते ती मजकूर ठरलेल्या नमुन्यातला नसल्यामुळे, लाभधारकाचे पदनाम चुकल्यामुळे किंवा वैधतेची तारीख कमी पडल्यामुळे. वैधता काम पूर्ण होण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर 60 दिवसांपर्यंत लागते. बारा महिने 3 ऑगस्ट 2026 ला संपतात की 4 ला, याबद्दल दुमत होऊ शकते. स्वतःच्या कामासाठी अलीकडची तारीख धरावी आणि हमीसाठी पलीकडची, म्हणजे किमान 3 ऑक्टोबर 2026. मूळ कागद देऊन भागत नाही. बँकेने रेल्वेच्या बँकेकडे एसएफएमएस संदेशाने हमीची खातरजमा पाठवलेली असावी लागते. यादीत हे दोन स्वतंत्र टप्पे करावेत.

करारावर सही. वैध कामगिरी हमी जमा झाल्याशिवाय रेल्वे करार करत नाही. सही करणाऱ्याचे अधिकारपत्र (भागीदारीत मुखत्यारपत्र, कंपनीत संचालक मंडळाचा ठराव) आधीच तयार असावे, कारण ते करून घेण्यात सात दिवस सहज जातात.

काम सुरू करण्याच्या अटी. पूर्ततेची मुदत पत्राच्या तारखेपासून चालत असल्याने करार, आदेश आणि जागेचा ताबा यांत गेलेला वेळ याच बारा महिन्यांतून जातो. म्हणून प्रत्येक अटीपुढे ‘पूर्तता कोणी करायची’ हे लिहितात. कामगारविषयक नोंदणी, विमा आणि अभियंत्यांची नेमणूक ठेकेदाराकडे असते. मोकळी जागा, मंजूर नकाशे आणि रुळावरील कामासाठी ब्लॉक रेल्वेकडे. रुळालगतच्या खोदाईआधी सिग्नल व दूरसंचार केबलची संयुक्त पाहणी दोघांनी मिळून करायची असते. रेल्वेकडची बाब अडली, तर त्याच आठवड्यात तारखेसह पत्र द्यावे. पुढे जीसीसीच्या कलम 17-अ खाली मुदतवाढ मागताना हीच पत्रे जोडली जातात. ती नसतील, तर उशीर ठेकेदाराचा मानून 17-ब खाली दंडासह मुदतवाढ मिळण्याचा धोका राहतो.

विमा. विशेष अटींप्रमाणे.

राज्य शासनाची कामे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-1 करारात कामाची मुदत काम सुरू करण्याचा आदेश दिल्याच्या तारखेपासून मोजतात, स्वीकृतीच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे रेल्वेसाठी केलेली यादी तेथे वापरायची झाल्यास आधी ‘कशापासून’ हा रकाना नव्याने भरावा लागतो.