तुलना कोणत्या गावांशी?

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळची सपाट, नदीकाठची ऊसपट्ट्यातली गावे आहेत आणि पश्चिमेला गगनबावड्याच्या डोंगरातल्या वाड्या. नळपाणी योजनेमुळे पाणी भरण्याचा वेळ किती वाचला हे शोधताना योजना झालेली सगळी गावे एका बाजूला आणि न झालेली दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मिळालेल्या फरकात योजनेचा वाटा किती आणि डोंगराचा किती, हे सांगता येणार नाही. योजना काही चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या नसतात. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी.

हा गुंता सोडवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात रस्ता, उंची, लोकसंख्या अशा बाबी थेट रिग्रेशनच्या समीकरणात घालतात. दुसरा मार्ग पॉल रोझेनबाम आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ मध्ये मांडला. त्यात या सगळ्या बाबींवरून गावाला योजना मिळण्याची शक्यता, म्हणजे प्रोपेन्सिटी स्कोअर, आधी काढतात आणि सारख्या स्कोअरच्या गावांचीच एकमेकांशी तुलना करतात.

एक कल्पित उदाहरण करून पाहू. सोयीची १०० गावे आहेत. त्यांतल्या ८० गावांत योजना आहे आणि तिथे पाणी भरायला रोज २० मिनिटे लागतात. उरलेल्या २० गावांत ३० मिनिटे. दुर्गम गावेही १००. तिथे योजनेच्या १० गावांत ६० मिनिटे लागतात, बाकीच्या ९० गावांत ९०. सरळ सरासऱ्या काढल्या, तर योजनेने सुमारे ५५ मिनिटे वाचवली असे दिसते. प्रत्यक्षात सोयीच्या गावांत १० मिनिटे वाचली आहेत आणि दुर्गम गावांत ३०.

आता ‘दुर्गम की सोयीचे’ ही बाब रिग्रेशनमध्ये घाला. उत्तर येते १७.२ मिनिटे. दोन्ही गट सारखेच मोठे असूनही ते २० का नाही? कारण योजनेची आणि बिगरयोजनेची गावे ज्या गटात अधिक समप्रमाणात मिसळली आहेत, त्या गटाला रिग्रेशन जास्त वजन देते. इथे ही वजने १६ आणि ९ अशी पडतात. सर्व गावांसाठीचा परिणाम विचारला तर तो २० आहे, आणि ज्यांना योजना मिळाली त्यांच्यापुरता सुमारे १२. रिग्रेशनचा आकडा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देत नाही, आणि तसे तो सांगतही नाही.

स्कोअर वापरला की हे आपोआप सुधारते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. आपल्या उदाहरणात स्कोअर ०.८ आणि ०.१ आहेत, तेच रिग्रेशनमध्ये एक बाब म्हणून घातले, तर पुन्हा १७.२ च येतात. बाबी अनेक असल्या तरी, त्याच बाबींवरून साध्या रेषीय रिग्रेशनने काढलेला स्कोअर असा वापरला, तर योजनेचा गुणांक थेट पद्धतीइतकाच निघतो. स्कोअरचा खरा उपयोग गटवारी, जोड्या जुळवणे किंवा वजने देणे यांत आहे, कारण तिथे कोणत्या गावांसाठी उत्तर हवे ते आपल्याला ठरवावे लागते.

त्याहून मोठा उपयोग मला वेगळा वाटतो. समजा, दुर्गम भागात योजनेचे एकही गाव नाही. उंचीची बाब घातलेले रिग्रेशन शिरोळकडची रेषा तशीच डोंगरावर ओढत नेईल आणि आकडा देईल. दोन्ही बाजूंच्या गावांचे स्कोअर शेजारी शेजारी मांडले, तर तिथे जुळणारे गावच नाही हे लगेच दिसते. ही तपासणी पाण्याच्या मिनिटांकडे न बघता होते, म्हणून हवे ते उत्तर येईपर्यंत समीकरण बदलत बसण्याचा मोहही टळतो. स्कोअर चांगला की वाईट हे मात्र त्याने योजना मिळेल की नाही हे किती अचूक ओळखले यावरून ठरवू नये. जुळवणीनंतर दोन्ही बाजूंची गावे उंची, रस्ता, लोकसंख्या यांत सारखी झाली का, एवढेच पाहावे.

महाराष्ट्रातल्या जलस्वराज्य प्रकल्पाचे मूल्यमापन या मार्गाने झाले. सुभ्रेंदु पट्टनायक आणि सहकाऱ्यांनी चार जिल्ह्यांतली २४२ गावे घेतली, स्कोअरने आधीच जुळवणी केली आणि सुमारे ९,५०० कुटुंबांची योजनेपूर्वीची व नंतरची माहिती मिळवली. आधीची माहिती लागण्याचे कारण असे, की हा प्रकल्प गावाच्या मागणीवर चालणारा होता. मागणी करणाऱ्या गावाची उमेद, तिथली एकजूट कोणत्याही तक्त्यात येत नाही, आणि जे मोजलेलेच नाही त्यापुढे दोन्ही पद्धती सारख्याच हतबल असतात. प्रत्येक गावाची त्याच्याच आधीच्या स्थितीशी तुलना केल्याने, उमेदीचा जो भाग काळानुसार बदलत नाही तो तरी वजा होतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नळाचे पाणी व शौचालय वापरणारी कुटुंबे सरासरी १० टक्क्यांनी वाढलेली दिसली. पाणी मिळवण्यावरचा आणि साठवण्यावरचा खर्च घटण्याची शक्यता दिसली, आजारपणाचा खर्च मात्र कमी होताना दिसला नाही.