एका नोटिशीची गोष्ट

आपल्या सोसायटीचा इतिहास म्हटलं की भूमिपूजन, पहिला गणेशोत्सव, बोअरवेल या गोष्टी निघतात. गच्चीवरच्या कोब्यामागे एक नोटीस आहे, हे मात्र नव्या सभासदांना ठाऊक नसतं. मी तेव्हा बँकेत नोकरीला होतो आणि सोसायटीचा खजिनदार होतो. ती नोटीस लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

कंत्राटदाराशी आपला करार आर्किटेक्टांच्या छापील नमुन्यावरचा होता. किंमत ९६ लाख, सदनिका २४, काम पुरं करण्याची तारीख ३१ मार्च २०००. प्रत्यक्षात ताबा मिळाला १ डिसेंबरला, म्हणजे ३५ आठवडे उशिरा. पहिल्याच पावसाळ्याने गच्ची गळते हेही दाखवून दिलं होतं. वर कंत्राटदाराने सिमेंट-लोखंड महागलं म्हणून ६ लाख २० हजार जादा मागितले. बिलांतून ५ टक्के प्रमाणे राखून ठेवलेले ४ लाख ८० हजार आपल्याकडे होते, तेही त्याला हवे होते.

करारात वादाचा रस्ता ठरलेला होता. आधी आर्किटेक्टचा लेखी निर्णय. तो मान्य नसेल तर २८ दिवसांत, आर्किटेक्टमार्फत, दुसऱ्या पक्षाला नोटीस. निर्णय आम्हाला १४ फेब्रुवारी २००१ ला मिळाला. त्यात जादा भावाची निम्मी मागणी मान्य झाली होती आणि उशिराबद्दल आम्हाला काहीच नव्हतं. म्हणजे १४ मार्चच्या आत हालचाल करणं भाग होतं.

माझा पहिला मसुदा चार पानांचा होता आणि त्यात नुसता संताप होता. वकील साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "खजिनदार, यात फसवणूक हा शब्द सात वेळा आलाय, तारीख एकदाही नाही. पासबुक लिहिता तसं लिहा." मग मी तीन भाग केले.

पहिला भाग घटनांचा. तारीख, काय घडलं, कोणतं पत्र, एवढंच. आपली चूकही लिहिली. सभासदांचे हप्ते थकल्यामुळे एक बिल चार आठवडे उशिरा दिलं गेलं होतं. लिफ्टच्या खड्ड्यात आपणच बदल केला, त्याचे पाच आठवडे. असे नऊ वजा करून उशीर २६ आठवड्यांचा मांडला. लपवलं असतं तर समोरच्याने पहिल्याच बैठकीत ते बाहेर काढलं असतं.

दुसरा भाग कलमांचा. उशिराला दर आठवड्याला किमतीच्या अर्धा टक्का भरपाई, पण कमाल ५ टक्के. २६ आठवड्यांचे १३ टक्के होतात, तरी मागता येत होते पाचच, म्हणजे ४ लाख ८० हजार. दर ठरलेले असून भाववाढ मिळणार नाही, हे दुसरं कलम. दोषदुरुस्तीचं तिसरं. शिवाय भारतीय करार कायद्याचं कलम ५५ होतं. उशिरा झालेलं काम स्वीकारताना भरपाई मागणार असं कळवलं नाही, तर पुढे ती मागता येत नाही. सुदैवाने ताबा घेतानाच चेअरमन साहेबांनी तसं पत्र दिलं होतं.

तिसरा भाग मागणीचा. भरपाईचे ४ लाख ८० हजार, गच्चीचे १ लाख ३५ हजार, कंत्राटदाराची जादा मागणी देय नाही असा निर्णय, आणि वाद लवादाकडे द्यावा. ६ मार्चला नोटीस रजिस्टर पोस्टाने आर्किटेक्टकडे आणि कंत्राटदाराकडे गेली. ८ तारखेची पोचपावती आजही फायलीत आहे. कायद्याप्रमाणे अशी मागणी समोरच्याला मिळते, त्याच दिवशी लवादाचं काम सुरू झालं असं धरतात.

पुढच्या वर्षी निवाडा आला. जादा मागणी फेटाळली. गच्चीचे पैसे पूर्ण मिळाले. उशिराचे मात्र ३ लाख १० हजारच. ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा, नुकसान दिसलं पाहिजे, असं लवादाचं म्हणणं पडलं. आणि घरभाड्याच्या पावत्या आपल्यापैकी मोजक्यांनीच जपल्या होत्या. राखीव रकमेतून ४ लाख ४५ हजार आपल्याकडे राहिले, ३५ हजार परत केले.

एक चूक माझी. डक्टमधली ओल एका वहिनींनी मला जिन्यात सांगितली होती. बारीकसारीक वाटलं, म्हणून मी ती नोटिशीत घातली नाही. करार म्हणत होता की नोटिशीत लिहिलेला वादच लवादाकडे जाईल, दुसरा नाही. लवादाने डक्टचं ऐकूनच घेतलं नाही. नव्याने आर्किटेक्ट, नोटीस, लवाद हा फेरा दुरुस्तीपेक्षा महाग पडला असता. ६२ हजार आपणच भरले, घरटी सुमारे २,६०० रुपये. त्या वहिनी काही बोलल्या नाहीत, पण वर्गणीची पावती घेताना माझ्याकडे पाहून हसल्या.

आता मोठ्या दुरुस्तीचं कंत्राट देण्याची वेळ जवळ येते आहे. जुनी फाईल ऑफिसच्या कपाटात, वरच्या खणात आहे. नव्या कमिटीने सही करण्याआधी ती जरूर चाळावी, आणि जिन्यात ऐकलेलं त्याच दिवशी वहीत लिहावं.