आगाऊ कर : अनियमित उत्पन्नाच्या एकमालकी व्यवसायातील

आर्थिक वर्ष चालू असतानाच त्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज करून त्यावरील आयकर हप्त्यांनी भरणे म्हणजे आगाऊ कर. व्यवहारात त्याला ॲडव्हान्स टॅक्स म्हणतात. मिळकत होत असतानाच कर भरण्याची ही पद्धत भारतात १९४४ मध्ये १९२२ च्या आयकर कायद्यात कलम १८अ घालून आली. पुढे १९६१ च्या कायद्यात ती कलम २०७ ते २१९ मध्ये मांडली गेली. पगारदाराचा कर दरमहा पगारातूनच कापला जातो. एकमालकी व्यवसाय करणाऱ्याला मात्र वर्षाचा नफा वर्ष संपण्याआधी स्वतःच ठरवावा लागतो. ज्याचा नफा दर महिन्याला बदलतो, त्याची अडचण या नोंदीत मालमत्ता दलालाच्या उदाहरणाने मांडली आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे व नव्या करप्रणालीचे आहेत.

कोणाला लागू

वर्षाच्या एकूण करातून टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक कर उरत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. साठी ओलांडलेल्या निवासी व्यक्तीला यातून सूट आहे, पण तिला व्यवसायाचे किंवा पेशाचे उत्पन्न नसेल तरच. म्हणजे सत्तरीतही दुकान चालवणाऱ्याची यातून सुटका नाही.

कलम ४४एडी किंवा ४४एडीए खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवणाऱ्याला सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. कमिशन किंवा दलालीच्या उत्पन्नाला कलम ४४एडी लागू होत नाही. त्यामुळे मालमत्ता दलाल कितीही लहान असला, तरी त्याला चारही हप्ते सांभाळावे लागतात.

हप्ते

१५ जूनपर्यंत वर्षाच्या कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के रक्कम भरलेली असावी लागते. हे टक्के एकत्रित आहेत, म्हणजे सप्टेंबरच्या ४५ टक्क्यांत जूनचे १५ टक्के धरलेले असतात. व्यक्तींसाठी चार हप्ते २०१६ पासून आले. त्याआधी तीनच हप्ते होते आणि जूनचा नव्हता. मुदतीच्या दिवशी बँकेला सुट्टी असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी भरलेला हप्ता वेळेत धरतात.

अनियमित उत्पन्नाची खरी अडचण या टक्क्यांच्या पायात आहे. हप्ता त्या तारखेपर्यंतच्या कमाईवर मोजला जात नाही, तो पूर्ण वर्षाच्या करावर मोजला जातो. आणि व्याज आकारताना अंदाज विचारात न घेता विवरणपत्रातले अंतिम उत्पन्न धरले जाते. त्यामुळे डिसेंबरात झालेल्या मोठ्या सौद्याने जूनचा हप्तासुद्धा मागाहून अपुरा ठरतो. अमेरिकेत ज्या काळात जेवढे उत्पन्न झाले त्या प्रमाणात हप्ता मोजून दंड टाळण्याची सोय आहे. भारतात व्यवसायाच्या चढउतारासाठी तशी तरतूद नाही.

अचानक आलेल्या काही उत्पन्नांना मात्र कायदा सवलत देतो. भांडवली नफा, लाभांश, लॉटरीचे बक्षीस आणि पहिल्यांदाच सुरू झालेल्या व्यवसायाचे उत्पन्न यांमुळे आधीच्या हप्त्यांत पडलेल्या तुटीवर व्याज लागत नाही. त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसल्यास ३१ मार्चपर्यंत, भरलेला असला पाहिजे. चालू धंद्यातला अनपेक्षित मोठा सौदा या यादीत नाही.

अंदाज कसा करतात

पहिल्या तिमाहीच्या नफ्याला चाराने गुणण्याची पद्धत हंगामी धंद्यात फसते. नवे घर घेणारे गुढीपाडवा, दसरा, दिवाळी पाहतात आणि पितृपक्षात व्यवहार थंडावतात. म्हणून प्रत्येक हप्त्याआधी अंदाज नव्याने करावा. त्याचे तीन भाग पडतात : वह्यांनुसार आजवर झालेला नफा, ज्या सौद्यांचे टोकन घेऊन नोंदणीची तारीख ठरली आहे त्यांची दलाली, आणि उरलेल्या महिन्यांचा ठरलेला खर्च. नुसत्या बोलणीवर असलेले सौदे धरू नयेत, पण सौदे नसलेल्या महिन्यांचे ऑफिसभाडे, जाहिरात आणि पगार वजा करायला विसरू नये.

हिशेब व्यापारी पद्धतीचा असेल, तर दलालीचा हक्क निर्माण झाला की ती उत्पन्न ठरते, मग बिल्डरने पैसे सहा महिन्यांनी दिले तरी. त्यामुळे आगाऊ कर पैसे हातात येण्याआधीच भरावा लागू शकतो. रोख पद्धतीने वह्या ठेवणाऱ्याला ही अडचण येत नाही. मात्र पद्धत दरवर्षी सोयीने बदलता येत नाही.

बिल्डरने दलालीतून २ टक्के टीडीएस कापलेला असतो, तो वर्षाच्या करातून वजा करायचा. हा आकडा केवळ फॉर्म २६एएस पाहून घेतला तर चुकतो, कारण टीडीएसची विवरणे तिमाही संपल्यानंतर दाखल होतात. जुलै ते सप्टेंबरच्या विवरणाची मुदत ३१ ऑक्टोबर असते आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची ३१ जानेवारी. म्हणून १५ डिसेंबरला २६एएस मध्ये साधारणपणे सप्टेंबरपर्यंतचीच कपात दिसते, दिवाळीतल्या सौद्यांची नाही. तोवर स्वतःच्या बिलांवरून नोंद ठेवावी लागते.

उदाहरण

नाशिकमधील एका दलालाचे हे कल्पित उदाहरण आहे. त्याला दुसरे उत्पन्न नाही. दर हप्त्याला त्याने अंदाज पुन्हा केला :

| हप्ता | वर्षाच्या नफ्याचा अंदाज | उपकरासह कर | अंदाजे टीडीएस | निव्वळ कर | तोवरचा हिस्सा | भरलेली रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|
| जून | १४,००,००० | ९३,६०० | ३०,००० | ६३,६०० | ९,५४० | ९,६०० |
| सप्टेंबर | १३,००,००० | ७८,००० | २६,००० | ५२,००० | २३,४०० | १३,८०० |
| डिसेंबर | १८,००,००० | १,६६,४०० | ३६,४०० | १,३०,००० | ९७,५०० | ७४,१०० |
| मार्च | १८,००,००० | १,६६,४०० | ३६,४०० | १,३०,००० | १,३०,००० | ३२,५०० |

जूनचा कर असा निघाला : ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, पुढच्या २ लाखांवर १५ टक्क्यांनी ३०,०००, आणि या ९०,००० वर ४ टक्के उपकर. पावसाळा मंद गेल्याने सप्टेंबरात अंदाज खाली आणला. नंतर दसरा-दिवाळीत दुकानगाळ्यांचे दोन मोठे सौदे झाले आणि तो १८ लाखांवर गेला. प्रत्येक वेळी त्याने नव्या अंदाजाचा एकत्रित हिस्सा काढला, त्यातून आधी भरलेले वजा केले आणि फरक भरला.

वर्षअखेरीस नफा १८ लाखच ठरला. १,३०,००० च्या १५ टक्क्यांनी जूनला १९,५०० हवे होते, म्हणून ९,९०० ची तूट पडली. तिच्यावर दरमहा १ टक्का, तीन महिने, म्हणजे २९७ रुपये व्याज लागले. सप्टेंबरला ५८,५०० हवे होते, तूट ३५,१०० आणि व्याज १,०५३. डिसेंबर व मार्चमध्ये तूट नाही. एकूण व्याज १,३५० रुपये.

व्याज आणि त्याची मर्यादा

वरचे व्याज कलम २३४सी चे आहे. त्यात थोडी मोकळीक आहे : जूनपर्यंत १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरलेले असले, तर त्या हप्त्यांच्या तुटीवर व्याज लागत नाही. मार्चच्या तुटीवर एकाच महिन्याचे १ टक्का लागते.

कलम २३४बी वेगळे आहे. ३१ मार्चपर्यंत टीडीएस वजा जाता उरलेल्या कराच्या ९० टक्के भरले नसतील, तर १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज तुटीवर चढते आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो. याच दलालाने काहीही न भरता सगळा कर जुलैमध्ये विवरणपत्रासोबत भरला असता, तर २३४सी खाली ६,५६५ आणि २३४बी खाली चार महिन्यांचे ५,२०० असे मिळून ११,७६५ रुपये व्याज झाले असते. १५ मार्चनंतर पण ३१ मार्चच्या आत भरलेली रक्कमही आगाऊ करच मानली जाते. म्हणून मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात सौदा नोंदवला गेला, तर त्याच आठवड्यात पैसे भरून २३४बी टाळता येते.

हे व्याज व्यवसायाचा खर्च म्हणून वजावटीस मिळत नाही. जास्त भरलेल्या रकमेवर परताव्यासोबत दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, तेही परतावा कराच्या १० टक्क्यांहून कमी नसेल तर, आणि ते करपात्र असते. त्यामुळे घाबरून जादा भरणे फायद्याचे नाही. चालू भांडवल अडकते आणि वर्षाच्या मध्ये परतावा मागता येत नाही. पुढचा हप्ता एकत्रित असल्याने जादा रक्कम त्यात मात्र आपोआप वळती होते. डिसेंबरचा हप्ता सर्वांत काळजीने काढावा : तोवर वर्षाचे चित्र बरेच उमटलेले असते आणि तिथली तूट ७५ टक्क्यांवर, तीन महिन्यांसाठी मोजली जाते.

बारा लाखांची सीमा

एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य होतो. ते १२ लाखांच्या थोडे वर गेले, तर कर जादा रकमेपेक्षा अधिक होऊ दिला जात नाही. समजा सप्टेंबरात ११,८०,००० चा अंदाज होता म्हणून काही भरले नाही, आणि फेब्रुवारीतल्या एका सौद्याने उत्पन्न १२,५०,००० झाले. दराने कर ६७,५०० निघतो, पण जादा रक्कम ५०,००० असल्याने कर ५०,०००, आणि उपकरासह ५२,००० होतो. टीडीएस वजा जाता उरलेल्या रकमेवर जून, सप्टेंबर, डिसेंबर हे तिन्ही हप्ते चुकल्याचे ठरते. या सीमेजवळ असलेल्याने १५ मार्चआधी एकदा नफा पुन्हा मोजलाच पाहिजे. टीडीएस उरलेला कर बरेचदा १०,००० च्या खाली आणतो, पण ते गृहीत धरू नये.

भरणा

आयकर पोर्टलवरील ‘ई-पे टॅक्स’ मधून नेट बँकिंग, कार्ड किंवा बँकेच्या काउंटरवर चलनाने भरणा होतो. प्रकार ‘ॲडव्हान्स टॅक्स (१००)’ निवडायचा. ‘३००’ हा स्वयंनिर्धारण कराचा क्रमांक आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी आकारणी वर्ष २०२६-२७ लागते. वर्ष चुकल्यास पैसे दुसऱ्याच वर्षात जमा दिसतात आणि विवरणपत्रात तूट उभी राहते. ही चूक चलनाची पावती पाहताच कळते आणि पोर्टलवर मुदतीत दुरुस्त करता येते. अंदाजाचा तपशील खात्याला सादर करायचा नसतो, पण दर हप्त्याचा कागद चलनासोबत ठेवला, तर पुढच्या हप्त्याला तिथूनच पुढे मोजता येते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि आर्थिक वर्ष व आकारणी वर्ष या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. त्यामुळे २०२६-२७ च्या उत्पन्नाचे चलन भरताना वर्षाची निवड वेगळी असते. त्याआधीच्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागू राहतो.