व्यावसायिक ई-मेल : पाठविण्यापूर्वीची तपासणी

आकडे : दरपत्रकातील बेरीज मूळ आकड्यांवरून पुन्हा करावी. २५० किलो काजूगर, दर ८४० रुपये, म्हणजे २,१०,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी १०,५०० रुपये. एकूण २,२०,५०० रुपये. मजकुरात २,०२,५०० असे आढळल्यास फरक १८,००० येतो. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असल्यास शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. रक्कम अक्षरीही लिहावी, म्हणजे अशी चूक लपत नाही.

तारखा : ०५/०६/२०२६ ही तारीख अमेरिकी ग्राहक ६ मे अशी वाचतो. त्यामुळे महिना अक्षरांत लिहून वारही द्यावा : सोमवार, १५ जून २०२६. वार दिनदर्शिकेशी जुळला नाही, तर तारखेत किंवा वारात चूक आहे. ‘३० दिवसांत’ असे लिहिताना मुदत बीजकाच्या तारखेपासून की माल पोहोचल्यापासून, हे स्पष्ट करावे.

जोडपत्रे : संगणकातील मूळ फाइल नव्हे, तर ई-मेलला जोडलेलीच फाइल उघडून एकूण रक्कम व तारीख मजकुराशी ताडून पाहावी, जुना मसुदा जोडला गेल्याचे तेथेच उघड होते. एक्सेल फाइलच्या लपविलेल्या रकान्यांत खरेदीदर राहू शकतो, म्हणून ग्राहकाला पीडीएफ पाठवावी. प्राप्तकर्त्याचा पत्ता सर्वांत शेवटी भरावा.